४७ वॉट-अवर म्हणजे नेमके किती तास?

प्रश्न: काका, मी डोंबिवलीला राहते, कॉलेज माटुंग्याला. कम्प्युटर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. सकाळी सातला घर सोडते, परत यायला सहा वाजतात आणि वर्गात प्लग पॉइंट मिळत नाही. दोन लॅपटॉप बघून ठेवलेत, दोन्ही १५.६ इंची. एकात i5-13420H आणि ४७ Wh बॅटरी, जाहिरातीत ‘११ तासांपर्यंत’. दुसऱ्यात i5-1334U आणि ४१ Wh, जाहिरातीत ‘८ तासांपर्यंत’. दुकानदार म्हणतो पहिला घे, बॅटरी मोठी आहे. कागदावरच्या आकड्यांवरून खरे तास कळतात का? चार वर्षं काढायचीत.

उत्तर: कळतात, अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने. तुझ्या दोन पर्यायांत लहान बॅटरीवालाच जास्त टिकेल. पण चार वर्षं म्हणतेस, तेवढा तोही पुरणार नाही. कसं ते सांगतो. लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप दुरुस्तीच्या बाकावर माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि ‘बॅटरी टिकत नाही’ म्हणून येणाऱ्या लॅपटॉपांपैकी पुष्कळांत बिघाड काहीच नसतो. घेतानाच हिशेब केलेला नसतो.

वॉट-अवर म्हणजे बॅटरीत एकूण वीज किती मावते तो आकडा. लॅपटॉप दर क्षणाला किती वॉट ओढतो त्याने या आकड्याला भागलं की तास मिळतात. गणित एवढंच. ४७ वॉट-अवरची बॅटरी ५ वॉट ओढणाऱ्या मशीनवर नऊ तासांच्या वर जाईल, १५ वॉट ओढणाऱ्यावर तीन तासांत संपेल. बॅटरीचा आकडा कागदावर छापलेला असतो, वॉटचा कुठेच छापत नाहीत. तो प्रोसेसरच्या प्रकारावरून आणि तुझ्या कामावरून आपणच काढायचा असतो. (कधी Wh ऐवजी नुसतं mAh लिहिलेलं असतं. तेवढ्यावर काहीच ठरत नाही, सोबत व्होल्टेज हवं. ११.५५ V आणि ४१०० mAh असेल तर ११.५५ गुणिले ४.१, म्हणजे साधारण ४७ Wh. ‘३ सेल’ एवढंच लिहिलं असेल तर त्यावरूनही काही कळत नाही, विचारून घ्यायचं.)

आता जाहिरातीचा दावा उलटा सोडवून बघ. ४७ भागिले ११ म्हणजे ४.३ वॉट. कंपनी सांगते आहे की स्क्रीन, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, वाय-फाय सगळं मिळून हा लॅपटॉप ४.३ वॉटमध्ये चालतो. १५.६ इंची साधी आयपीएस स्क्रीन अर्ध्या ब्राइटनेसला एकटीच अडीच ते चार वॉट घेते. मग बाकीच्यांना उरलं काय? दाव्याच्या शेजारी बारीक चिन्ह असतं, त्याची तळटीप शोध. तिथे बहुतेक वेळा असं असतं की मशीनमध्ये साठवलेला व्हिडिओ लावला, ब्राइटनेस १५० निट्सच्या आसपास, वाय-फाय बंद. व्हिडिओ उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळा छोटा भाग असतो. तो काम करतो तेव्हा मुख्य कोअर जवळजवळ झोपलेले असतात, म्हणून व्हिडिओला वीज कमी लागते. आकडा खोटा नाही, पण तो तुझ्या कामाचा नाही. प्रत्येक कंपनीची चाचणीची पद्धत निराळी असते, त्यामुळे एकीचे ११ आणि दुसरीचे ८ शेजारी ठेवून तुलना करायची नाही.

ही उलटी भागाकाराची पद्धत खरा दावाही ओळखून देते. एम४ चिपच्या मॅकबुक एअरची (१३ इंची) बॅटरी ५३.८ Wh आहे आणि वाय-फायवर ब्राउझिंगसाठी अॅपल १५ तास सांगते. भागाकार येतो ३.६ वॉट. ती स्क्रीन लहान आहे, चिप कमी विजेत काम करण्यासाठीच बनवलेली आहे, त्यामुळे हलक्या कामाला हा आकडा पटण्यासारखा आहे. तोच ३.६ वॉटचा दावा H प्रोसेसरच्या १५.६ इंची विंडोज लॅपटॉपवर दिसला तर तो बाजूला ठेवायचा.

आता प्रोसेसर. नावाच्या शेवटचं अक्षर बघायचं. इंटेलच्या साइटवर प्रत्येक प्रोसेसरच्या पानावर Processor Base Power आणि Maximum Turbo Power असे दोन आकडे असतात. तुझ्या i5-1334U चे ते १५ आणि ५५ वॉट आहेत, i5-13420H चे ४५ आणि ९५. हे बघून लोक लगेच ४७ ला ४५ ने भागतात आणि ‘अरे, एकच तास!’ म्हणून घाबरतात. तसं नाही. तो आकडा प्रोसेसर सलग पूर्ण ताणावर चालवला तर किती उष्णता बाहेर टाकावी लागेल यासाठी असतो. तू नोट्स टाइप करत असताना, पीडीएफ वाचत असताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो, आणि त्या अवस्थेत U आणि H मध्ये फार अंतर नसतं.

मग अक्षराने फरक का पडतो? कारण काम सलग रिकामं कधीच नसतं. तू ब्राउझरमध्ये नवा टॅब उघडतेस, वर्डची फाइल उघडतेस, मागे अँटिव्हायरस जागा होतो. अशा प्रत्येक वेळी प्रोसेसर काही सेकंद जोरात पळतो. H ला वर जायची मोकळीक जास्त दिलेली असते, म्हणून तो जास्त व्होल्टेज घेऊन वरच्या वेगाला जातो. वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे काम थोडं लवकर संपतं, पण त्याच कामाला वीज बरीच जास्त जाते. दिवसभरात अशा शेकडो उड्या होतात. शिवाय H बसवलेला लॅपटॉप कंपनीने ‘वेगवान’ म्हणून विकायचा असतो. त्याची सेटिंग्ज, पंखे, कधी १२० किंवा १४४ हर्ट्झची स्क्रीन, सगळं त्याच बेताने निवडलेलं असतं.

एक सावधगिरी मात्र हवी. अक्षर तेच असलं तरी पिढी बदलली की अर्थ बदलतो. Core Ultra 5 125H मध्येही H आहे, पण त्याची बेस पॉवर २८ वॉट आहे आणि हलक्या कामासाठी त्यात वेगळे, फार कमी वीज खाणारे दोन कोअर आहेत. त्याला 13420H च्या रांगेत बसवू नकोस. Core Ultra 200 मालिकेत शेवटी V असलेले, उदाहरणार्थ 258V, तर U पेक्षाही काटकसरी आहेत. एएमडी रायझनमध्ये U तसाच कमी विजेचा, HS मधला, HX बहुतेक वेळा सगळ्यात खादाड. आणि कागदावर RTX असं काही दिसलं, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं, तर ते कधी झोपतं आणि कधी नाही याचा भरवसा नसतो. नुसतं जागं राहिलं तरी पाच-दहा वॉट सहज जातात. प्लग नसलेल्या दिवसासाठी असा लॅपटॉप मी कुणाला सुचवत नाही.

आता तुझा दिवस मांडू. अकरा तास तू घराबाहेर आहेस, पण अकरा तास स्क्रीन चालू नसते. लोकलमध्ये तर सकाळी उभं राहायलाही जागा नसते, लॅपटॉप काढायचा प्रश्नच नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये तिथलेच पीसी असतात. मी असं धरतो: तीन तास लेक्चरमध्ये नोट्स आणि पीडीएफ, दीड तास लायब्ररीत कोडिंग, पाऊण तास व्हिडिओ लेक्चर. एकूण सव्वापाच तास. तुझं याहून वेगळं असेल तर आकडे बदलून घे, पद्धत तीच.

या वर्गातल्या १५.६ इंची लॅपटॉपवर, अर्ध्या ब्राइटनेसला, वाय-फाय चालू ठेवून मला साधारण असे आकडे दिसतात. U प्रोसेसरवर नोट्स आणि ब्राउझरला साडेसहा वॉट, कोड एडिटर, मधूनमधून कंपाइल आणि दहा-बारा टॅब असं असेल तर दहा वॉट, ऑनलाइन व्हिडिओला सहा. 13420H च्या वर्गात तेच काम अनुक्रमे साडेआठ, पंधरा आणि आठ. एखाद्या मॉडेलमध्ये वॉट-दीड वॉट इकडेतिकडे होतील.

U वर: ३ तास गुणिले ६.५ म्हणजे १९.५, दीड तास गुणिले १० म्हणजे १५, पाऊण तास गुणिले ६ म्हणजे ४.५. बेरीज ३९ वॉट-अवर. H वर: २५.५, २२.५ आणि ६. बेरीज ५४ वॉट-अवर. काम तेच, वेळ तोच, पण दिवसाला १५ वॉट-अवर जास्त. त्याच्यापुढे दुकानदाराने दाखवलेली ‘मोठी बॅटरी’ फक्त ६ वॉट-अवरने मोठी आहे. फरक सगळ्यात जास्त कुठे पडला तेही बघ: नोट्समध्ये सहाचाच, कोडिंगच्या दीड तासात मात्र साडेसात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोडिंग वाढणार आहे, म्हणजे हे अंतर आणखी रुंदावणार.

आता उपलब्ध वीज. बॅटरी शून्यापर्यंत कुणी वापरत नाही. विंडोज १० टक्क्यांच्या आसपास इशारा देतं आणि त्यानंतर माणूस फाइल सेव्ह करण्याच्याच मागे असतो. म्हणून ०.९ ने गुणायचं.

```
तास = Wh × 0.9 ÷ सरासरी W
```

४७ वाल्यात ४२ वॉट-अवर हाताशी येतात, गरज ५४. तास निघतात चार. ४१ वाल्यात ३७ हाताशी, गरज ३९. तास निघतात पाच. सव्वापाच हवे होते, म्हणजे नवाकोरा असताना जेमतेम पंधरा मिनिटांनी कमी. ब्राइटनेस जरा उतरवला, बॅटरी सेव्हर लावला की निभेल. हे पहिल्या वर्षाचं झालं.

पुढचं लोक धरत नाहीत. लिथियमची बॅटरी वापराने आणि उष्णतेने झिजते. रोज चार्ज-डिस्चार्ज होणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपची बॅटरी दोन-तीन वर्षांत मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास आलेली मला नेहमी दिसते. आपल्याकडचा उकाडा आणि बंद बॅग, दोन्ही तिला मानवत नाहीत. म्हणून तिसऱ्या वर्षासाठी ०.९ च्या जागी ०.७२ धर. ४१ वाल्यात मग साडेएकोणतीस वॉट-अवर उरतात, म्हणजे चार तास. ४७ च्या H मध्ये ३४ उरतात, म्हणजे सव्वातीन तास. दोन्ही कमीच.

हाच हिशेब उलटा केला की काय शोधायचं ते कळतं. तुझी गरज ३९, तिला ०.७२ ने भागलं की ५४. म्हणजे U प्रोसेसर आणि किमान ५४, शक्यतो ६० वॉट-अवरची बॅटरी. ६० असेल तर नवा असताना सात तासांच्या थोडं वर, तिसऱ्या वर्षी पावणेसहा तास. तेव्हाही तुझा दिवस पार पडतो. H चाच हट्ट असेल तर ५४ भागिले ०.७२ म्हणजे ७५ वॉट-अवर लागतील. अशी मशीन्स मिळतात, पण जड आणि महाग पडतात.

चांगली गोष्ट अशी की त्यासाठी मॉडेल बदलावंच लागेल असं नाही. बऱ्याच कंपन्या एकच मॉडेल दोन बॅटऱ्यांमध्ये काढतात. शीटवर ‘41Wh / 60Wh’ असं किंवा ‘depending on configuration’ असं लिहिलेलं असतं. दुकानात समोर ठेवलेल्या पेटीत कुठली आहे ते मॉडेलच्या नावावरून कळत नाही. पेटीवरच्या लेबलवर लांबलचक पार्ट नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा. लेनोवोसाठी psref.lenovo.com वर प्रत्येक व्हर्जनची बॅटरी वेगवेगळी दिलेली सापडते. दोन-तीन हजार जास्त देऊन मोठी बॅटरी मिळत असेल तर जास्तीच्या एसएसडीआधी ती घे. एसएसडी पुढे कधीही बदलता येते. मोठी बॅटरी मात्र त्या बॉडीत बसेलच असं नसतं, कधी आतली जागा आणि स्क्रूच्या खुणाच वेगळ्या असतात.

माझ्या वॉटच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. वर्गातल्या कुणाकडे तरी i5-1334U किंवा त्याच्या जवळपासचा लॅपटॉप असेलच. त्याला एक दिवस चार्जर न लावता नेहमीचं काम करू दे. मग स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल उघड आणि हे टाइप कर:

```
powercfg /batteryreport
```

रिपोर्ट कुठे सेव्ह झाला ते तिथेच दिसतं. ती battery-report.html फाइल ब्राउझरमध्ये उघड आणि खाली Battery usage या भागात ये. तिथे प्रत्येक सत्राचा कालावधी DURATION खाली आणि गेलेली वीज ENERGY DRAINED खाली mWh मध्ये असते. समजा एका ओळीत १:३२:१० आणि १०,१४० mWh आहे. १०,१४० mWh म्हणजे १०.१४ वॉट-अवर, आणि वेळ १.५४ तास. भागाकार ६.६ वॉट. हा झाला त्या मशीनचा, त्या कामाचा खरा आकडा. अशा चार-पाच ओळी काढल्यास की कुठल्याही जाहिरातीपेक्षा पक्की माहिती तुझ्या हातात असेल. फार छोट्या, पाच-सात मिनिटांच्या ओळी सोडून दे, त्यात आकडा भलताच येतो.

याच रिपोर्टमध्ये आणखी एक चोर सापडतो, आणि डोंबिवली-माटुंगा करणाऱ्या माणसाने तो बघायलाच हवा. झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप बऱ्याच नव्या मशीनमध्ये पूर्ण झोपत नाही. `powercfg /a` टाइप केल्यावर वरच्या, उपलब्ध अवस्थांच्या यादीत ‘Standby (S0 Low Power Idle)’ दिसलं तर तुझा त्यातलाच. तो मिटलेला असतानाही नेटवर्कशी बोलत राहतो. कधी अपडेट सुरू होतं, बॅग गरम लागते आणि कॉलेजला पोचेपर्यंत १०० चे ८८ झालेले असतात. ६० च्या बॅटरीत ते सात वॉट-अवर झाले, म्हणजे नोट्सचा एक तास. रिपोर्टमध्ये Connected standby नावाच्या ओळीसमोर मोठा आकडा असेल तर हेच घडतंय. उपाय साधा आहे: कंट्रोल पॅनलच्या Power Options मध्ये ‘Choose what closing the lid does’ उघडून झाकण मिटल्यावर Hibernate निवडायचं. यादीत Hibernate दिसत नसेल तर टर्मिनल अॅडमिन म्हणून उघडून `powercfg /hibernate on` द्यायचं. उघडताना काही सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत वीज जवळजवळ जात नाही आणि बॅटरी तापतही नाही.

आता पुन्हा दुकानात जाशील तेव्हा त्याला सरळ विचार: U मध्ये ६० Wh चं व्हर्जन आहे का? नसेल तर मागवायला सांग, कॉलेज सुरू झालेलं असलं तरी आठवडाभर थांबायला हरकत नाही. ते मिळालंच नाही आणि या दोनातूनच घ्यावं लागलं तर 1334U घे आणि दुपारी कॅन्टीनमध्ये अर्धा तास चार्जर लावायची सवय ठेव. बिलावर पूर्ण पार्ट नंबर लिहून घे. पेटी शक्यतो दुकानातच उघडायची, सुरुवातीचं सेटअप झालं की तिथेच वरचा रिपोर्ट काढायचा. ६० Wh चं व्हर्जन घेतलंस तर त्यात DESIGN CAPACITY साधारण ६०,००० mWh हवी आणि FULL CHARGE CAPACITY तिच्या जवळपास किंवा थोडी वर. DESIGN CAPACITY ४१,००० च्या घरात दिसली तर तुला दुसरंच व्हर्जन दिलंय, बिल दाखवून तेव्हाच बदलून माग. FULL CHARGE नव्या मशीनमध्ये पाच-सात टक्क्यांहून जास्त कमी दिसली तर CYCLE COUNT बघ. तो आकडा विसाच्या वर असेल तर मशीन शोकेसमध्ये चालवलेलं किंवा कुणीतरी परत केलेलं असण्याची शक्यता आहे, दुसरी पेटी उघडायला सांग.